पाणी की पॉलिथीन, परमिटिव्हिटी कुणाची जास्त?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा ओलावा मोजायचं मीटर बघितलंय का, त्यातले बरेचसे कपॅसिटरच असतात, आणि ते चालतं कारण रेडिओ फ्रिक्वेन्सीला पाण्याची सापेक्ष परमिटिव्हिटी, म्हणजे विजेच्या फील्डला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप, 80 च्या आसपास, पॉलिथीनची जेमतेम 2.3.

पाण्याचा रेणू कायमचा डायपोल, एक टोक धन तर दुसरं ऋण, फील्ड फिरलं की तोही फिरतो. पॉलिथीनमध्ये फिरायला कुणीच नाही, फक्त इलेक्ट्रॉनचा ढग जरासा सरकतो.

आता फ्रिक्वेन्सी वाढवत न्या. 20 डिग्रीला साधारण 17 गिगाहर्ट्झपाशी पाण्याचे रेणू मागं पडायला लागतात, तिथं लॉस, म्हणजे उष्णतेत जाणारी ऊर्जा, सगळ्यात जास्त (मायक्रोवेव्ह ओव्हन 2.45 वरच चालतो बरं का, शिखरावर नाही). पुढं इन्फ्रारेडला अणूंची कंपनंही साथ सोडतात आणि दिसणाऱ्या प्रकाशात उरतात फक्त इलेक्ट्रॉन, तिथं परमिटिव्हिटी म्हणजे अपवर्तनांकाचा वर्ग, करून बघा, पाणी 1.33 म्हणजे 1.77, पॉलिथीन 1.51 म्हणजे 2.28. पारडं उलटलं की! पॉलिथीन जवळपास जागचं हललंच नाही.

अतिनीलकडं जाताना मात्र दोघांचीही परमिटिव्हिटी आधी थोडी वाढते, मग इलेक्ट्रॉनच शोषायला लागतात.

मीटरची एक गोम आहे, हळदीत घट्ट चिकटलेलं पाणी मोकळेपणी फिरत नाही, म्हणून लय वाळलेल्या मालात रीडिंग कमी दाखवू शकतं.