हजेरीच्या सेल्फी तपासणारं सॉफ्टवेअर : सहा महिन्यांनंतर

वर्गणी पुन्हा भरायची वेळ आलीये, म्हणून लिहितोय. चेहरा ओळखणं, नकाशा, महिन्याचा तक्ता हे सगळं ठीक चालतं. माझा सगळा राग एकाच गोष्टीवर आहे: जुना फोटो पुन्हा वापरलेला यांना ओळखता येत नव्हता.

फोटोवर छापलेल्या शिक्क्यातले वेळ-तारखेचे आकडे खोडून बदलणारे सहज सापडतात. फोटो मोठा केला की बदललेल्या आकड्यामागची पार्श्वभूमी सपाट, पुसल्यासारखी दिसते आणि एकाच शिक्क्यातले दोन '1' एकमेकांशी जुळत नाहीत. खरी अडचण वेगळीच. काही कॅमेरा ॲप गॅलरीतल्या जुन्या फोटोवरही आजचा शिक्का मारून देतात. तिथे शिक्का अस्सल असतो, शिळा असतो तो फोटो.

आमच्याकडे एकाच माणसाचे मंगळवारचे आणि शुक्रवारचे असे दोन फोटो आले. कॉलरची घडी तीच, मागून जाणाऱ्या सायकलस्वाराचा पायही तिथेच. सॉफ्टवेअर म्हणालं, 'वेगळे'. कस्टमर केअरशी बरंच भांडल्यावर कळलं, की ते फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या डेटावरून काढलेला आकडा, जुळवतात. शिक्क्यातला एक आकडा बदलला तरी चेकसम पूर्ण बदलतो. म्हणजे या कामाला ती तपासणी निरुपयोगीच.

नंतरच्या अपडेटमध्ये चित्राचा हॅश आला आणि माझं मत बरंचसं बदललं. यात फोटो 9×8 ठिपक्यांइतका लहान आणि करडा करतात. शेजारशेजारच्या ठिपक्यांत उजळ कोणता, याची 64 उत्तरं निघतात. दोन फोटोंची उत्तरं जितकी कमी ठिकाणी वेगळी, तितके फोटो सारखे. पण शिक्क्याची पट्टी आधी कापावी लागते, नाहीतर खालच्या ओळी उगाच फरक दाखवतात. ती पट्टी वगळायची सोय सेटिंगमध्ये आत कुठेतरी लपलीये. ती लावल्यावर वरच्या जोडीत 64 पैकी फक्त 2 ठिकाणी फरक आला.

आता उलटा त्रास. रोज त्याच गेटपुढे, त्याच जागी उभा राहणारा प्रामाणिक माणूसही संशयितांच्या यादीत येतो. म्हणून नुसत्या आकड्यावरून कुणाचीही हजेरी कापू नका. दोन्ही फोटो अर्धपारदर्शक करून एकावर एक ठेवा. गेट जुळणारच, केस, कॉलरच्या सुरकुत्या, सावलीची कड आणि मागची माणसंही जुळली, तरच फोटो तोच. खऱ्या दोन दिवसांत चेहरा थोडा तरी सरकतो.

फोटो आरशासारखा उलटवून पाठवला तर मात्र हे अजूनही फसतं. उलट प्रतीचाही हॅश काढून ताडायचा, एवढंच काम आहे. दोनदा लिहून कळवलंय, उत्तर नाही. तोवर मी वर्षाची वर्गणी भरणार नाही, महिन्याचीच भरतोय.