साबणवाला की पोलादवाला: कोणता शेअर स्वस्त?

दोन काल्पनिक शेअर घेऊ. साबण कंपनीचा भाव ५०० रुपये; बीटा, म्हणजे बाजार हलला की शेअर किती हलतो त्याचं माप, ०.६. वर्षभरात भाव ५४५ होईल आणि १२.५० रुपये लाभांश मिळेल असा अंदाज, म्हणजे परतावा ११.५ टक्के. पोलाद कंपनीचा बीटा १.५, अपेक्षित परतावा १५ टक्के. पाहताक्षणी पोलादच सरस वाटतं.

आता सिक्युरिटी मार्केट लाइन लावू, म्हणजे बीटानुसार शेअरकडून किती परतावा हवा ते सांगणारी रेषा. जोखीममुक्त दर ७ टक्के, बाजाराचं जोखीम अधिमूल्य, म्हणजे त्या दराच्या वर बाजार देतो तो जादा परतावा, ६ टक्के धरू. साबणाकडून हवा असलेला परतावा ७ + ०.६ × ६ = १०.६. मिळतोय ११.५, म्हणजे शेअर रेषेच्या वर, स्वस्त. पोलादाकडून हवेत ७ + १.५ × ६ = १६ टक्के; १५ मिळून तो रेषेखाली, महाग. (इथे ६ ऐवजी बाजाराचा पूर्ण १३ टक्के परतावा गुणण्याची चूक फार होते.)

मी साबण निवडेन, पण हात राखून. ५५७.५० ला १.१०६ ने भागलं की योग्य भाव येतो साधारण ५०४. फरक फक्त चार रुपयांचा! बीटा ०.८ निघाला तर हवा असलेला परतावा ११.८ होतो आणि तोच शेअर महाग ठरतो. बीटा जुन्या भावांवरून काढलेला अंदाज असतो. आठवड्याचे आकडे घेतले की एक, महिन्याचे घेतले की दुसरा. पोलादाचा निकाल मात्र अधिमूल्यावर जास्त हलतो: ६ चे ५ केले की हवेत १४.५, आणि तोही स्वस्त दिसू लागतो.