12.5 पिकोफॅरडच्या नावाखाली विकलेले 6 पिकोफॅरडचे क्रिस्टल

इंदूरच्या एका व्यापाऱ्याकडून डिजिटल घड्याळांसाठी मी 32,768 हर्ट्झचे 500 क्रिस्टल नगाला ₹9 प्रमाणे ₹4,500 देऊन घेतले. बिलावर लोड, म्हणजे क्रिस्टलला बाहेरून जोडायचा कपॅसिटन्स, 12.5 पिकोफॅरड लिहिला होता, आत मात्र 6 पिकोफॅरडचा माल होता. त्यातून बनलेले प्रत्येक घड्याळ रोज सुमारे साडेआठ सेकंद मागे पडू लागले आणि 60 ग्राहकांना प्रत्येकी ₹180 परत करावे लागले, म्हणजे आणखी ₹10,800 गेले.

क्रिस्टलच्या समतुल्य परिपथात एक मोठा इंडक्टर, सुमारे 3 फेम्टोफॅरडचा अतिसूक्ष्म कपॅसिटर C1 आणि एक रोध श्रेणीत असतात. या तिघांना समांतर असा सुमारे 1.2 पिकोफॅरडचा, धातूच्या इलेक्ट्रोडांमुळे आलेला कपॅसिटर C0 असतो. श्रेणी अनुनादाच्या fs या वारंवारतेपासून समांतर अनुनादापर्यंतचे अंतर जेमतेम 41 हर्ट्झ असते. घड्याळाचा ऑसिलेटर याच अरुंद पट्ट्यात चालतो, म्हणून तो भरवशाचा. 32,768 ला पंधरा वेळा दोनने भागले की नेमका सेकंदाला एक ठोका मिळतो. पट्ट्यातली नेमकी जागा मात्र बाहेरचा लोड कपॅसिटन्स CL ठरवतो, आणि मिळणारी वारंवारता fL अशी येते:

```
fL = fs × (1 + C1 / (2 × (C0 + CL)))
```

6 पिकोफॅरडला ही वाढ दहा लाखांत 208 येते, 12.5 ला 109. म्हणजे 6 साठी कापलेला क्रिस्टल 12.5 च्या परिपथात दहा लाखांत सुमारे 99 इतका मंद चालतो आणि 32,764.8 हर्ट्झच्या आसपास दिसतो.

खरा इशारा दुकानातच मिळाला होता. लोड विचारल्यावर "सगळे सारखेच असतात, साहेब," असे म्हणून त्याने 12.5 हा आकडा बिलावर हाताने लिहिला. तिथेच पिशवी परत करायला हवी होती. पण इवल्याशा नळीवर लोड छापलेला नसतो, मग ग्राहकाने बिलावर नाही तर कशावर विश्वास ठेवायचा? नंतर त्याने इंदूरच्या उन्हाळ्याला दोष दिला, तेही खोटे. 40 अंशाला अशा क्रिस्टलची चूक दिवसाला पाऊण सेकंदाच्या आतच राहते, आणि आमची घड्याळे रात्रीही तितकीच मागे पडत होती.

मालातला एक नग आधी लावून पाहा. स्कोपचा प्रोब थेट क्रिस्टलच्या पायावर ठेवू नका, कारण प्रोबचाच कपॅसिटन्स वारंवारता बदलतो. घड्याळ चिपच्या बफर केलेल्या आउटपुटवर मोजा. जमिनीकडे कपॅसिटर वाढवून हा दोष दुरुस्त होत नाही, त्याने घड्याळ आणखी मंद होते. कारखान्याची डेटाशीट नसलेला सुटा माल घेऊच नका.

तक्रार केली तेव्हा पोलीस ठाण्यात विचारले गेले, "घड्याळ चालते ना? मग फसवणूक कसली?" ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर सांगितले, की खरेदी व्यापारासाठी आहे, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी केलेल्या स्वयंरोजगाराला कायद्यात अपवाद आहे हे मी दाखवले, तरी अर्ज घेतला नाही. वजनमापाच्या कार्यालयाने पिकोफॅरड आपल्याकडे येत नाही म्हणून हात झटकले. ₹15,300 पैकी एक रुपयाही परत आलेला नाही, आणि तो व्यापारी आजही तोच माल 12.5 म्हणून विकतो आहे.