फेसआयडी अ‍ॅडॉप्टर, सहा महिन्यांनंतर : चेहरा आला, गोंदण गेलं

आजीच्या गोष्टींचं घरापुरतं पुस्तक करतोय, चित्रं लिनोकट छापाची. चित्रं काढणाऱ्या एआय मॉडेलला एखादा चेहरा शिकवणारी छोटी जोड, म्हणजे लोरा, ट्रेन करायला वेगवेगळ्या कोनांतले पंधरा-वीस तरी फोटो हवेत. आजीचे धड चार, तेही सगळे समोरून. शिवाय भाड्याच्या जीपीयूला पैसे घालायची तयारी नव्हती. म्हणून घरच्या आठ जीबीच्या कार्डावर चित्रं काढायला स्टेबल डिफ्युजन, म्हणजे एसडी १.५, आणि फोटोतला चेहरा त्यात उतरवायला आयपी-अ‍ॅडॉप्टर फेसआयडी.

पहिले काही आठवडे मी खूश होतो. एका फोटोवरून गालांची हाडं, बसकं नाक, डोळ्यांतलं अंतर, सगळं उतरतं. फोटो चेहऱ्यालगत कापू नका एवढंच. कडेने जागा सोडली नाही तर त्यातलं चेहरा शोधणारं इनसाइटफेस ‘InsightFace: No face detected’ म्हणून अडून बसतं.

मग आत्याला पान दाखवलं. म्हणाली, “आईसारखी आहे रे, पण आई नाही. हनुवटीवरचं गोंदण कुठंय?”

त्या तीन ठिपक्यांनी माझा पावसाळा खाल्ला. अ‍ॅडॉप्टरचा जोर ठरवणारं `weight` वाढवत नेलं. ठिपके आले नाहीतच, उलट लिनोच्या जाड रेघा जाऊन चेहरा फोटोसारखा गुळगुळीत झाला, भोवतीचं चित्र मात्र छापाचंच. कारण मुळात आहे. हे अ‍ॅडॉप्टर फोटो बघत नाही. चेहरा ओळखणारं मॉडेल ११२ बाय ११२ पिक्सेलचा तुकडा घेऊन ५१२ आकडे काढतं, अ‍ॅडॉप्टरला मिळतात ते तेवढेच. उजेड, वय, हावभाव बदलले तरी माणूस तोच ठरावा म्हणून ते मॉडेल घडवलंय. त्यामुळे गोंदण, सुरकुत्या, चष्मा त्याच्या लेखी किरकोळ. आमच्या घरात आजी म्हणजे नेमकं तेच!

याच अ‍ॅडॉप्टरच्या प्लस व्ही२ आवृत्तीमध्ये या आकड्यांसोबत चेहऱ्याचं चित्रही क्लिप या चित्र वाचणाऱ्या मॉडेलमधून जातं. त्याने गोंदण कधीमधी आलं, पण ठिपक्यांऐवजी डाग म्हणून, आणि सोबत फोटोतला फ्लॅशचा उजेडही चिकटला.

तरी माझं मत पुन्हा थोडं फिरलं ते अ‍ॅडॉप्टर कुठल्या टप्प्यापासून लागू व्हावं हे ठरवणाऱ्या `start_at` मुळे. ते ०.२ वर ठेवलं की सुरुवातीच्या पायऱ्यांत छापाची मांडणी बसते, चेहरा मागून येतो. `weight` ०.६५ च्या आसपास. जाड रेघाही राहतात आणि आजीही. अर्ध्या अंगाच्या चित्रात हे जमतं. विहिरीवरची पूर्ण आजी काढली की चेहरा इतका लहान होतो की कोणाचीही आजी चालेल. तिथे चेहऱ्यापुरता भाग मोठा करून इनपेंट, म्हणजे तेवढाच पुन्हा काढून घ्यावा लागतो. बाजूने बघणारी आजी तर समोरच्या फोटोंवरून नीट आलीच नाही, दर वेळी नाक वेगळं.

विकायचं पुस्तक असेल तर आधी परवाना वाचा. इनसाइटफेसची तयार मॉडेलं फक्त बिगर-व्यावसायिक संशोधनासाठी आहेत.

ठिपके आता क्रितामध्ये हाताने देतो. पानाला दोन मिनिटं लागतात.