मुरुमांवर डॉक्सीची कॅप्सूल की अ‍ॅडापॅलीनचं जेल? दिवसभर उन्हात असणाऱ्यांसाठी

मी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात आहे. सकाळी आठला कोल्हापुरातून गाडी काढली की कागलच्या बाजूला उसाचे प्लॉट बघत फिरायचं, ते उन्हं उतरेपर्यंत. माझ्यासारखंच ज्यांचं काम उन्हातलं आहे आणि चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी डॉक्टरांनी ज्यांच्यापुढे हे दोन पर्याय ठेवलेत, त्यांच्यासाठी लिहितोय. दोन्ही मी वापरलेत. औषध ठरवायचं काम अर्थात डॉक्टरांचंच, पण आपला दिवस कसा जातो हे त्यांना आपणच सांगायला हवं. मी ते सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा मला डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम, रोज एक कॅप्सूल आणि सोबत बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल दिलं होतं. महापुरानंतर लेप्टोसाठी देतात तीच ही डॉक्सी, म्हणून नाव ओळखीचं होतं. पण तिथे डोस अगदी मोजके असतात, मुरुमांसाठी मात्र ती रोज, महिनोन्‌महिने चालते. ‘उन्हात जपा’ असं डॉक्टर म्हणाले होते. मी त्याचा अर्थ चेहरा जपा असा घेतला आणि सनस्क्रीन फक्त तोंडाला लावत राहिलो.

फेब्रुवारीचा शेवट होता. नवव्या दिवशी एका मोठ्या प्लॉटची मोजणी होती. दुपारी दोनच्या सुमारास हातांच्या पाठी चुरचुरायला लागल्या, मिरच्या कांडल्यावर होते तशी आग. संध्याकाळपर्यंत कातडी लालभडक. शेतमालक म्हणाले, “काय ओ साहेब, हात भाजला व्हय?” घड्याळाचा पट्टा काढला तर खाली पांढरी पट्टी, बाहीच्या कडेवर सुरीनं कापल्यासारखी रेघ. औषध आणि ऊन मिळून भाजलं की ते असंच दिसतं. जिथे ऊन पोचलं तिथेच लाली, आणि पट्टा, अंगठी, बाही किंवा हनुवटीची सावली असेल तिथे कातडी स्वच्छ. फोड आले किंवा अंगात ताप भरला तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

याचं कारण पुढच्या भेटीत कळलं. कॅप्सूल रक्तातून सगळ्या अंगाच्या त्वचेत पोचते. तिथे हे औषध उन्हातले अतिनील किरण, त्यातही मुख्यतः यूव्हीए, शोषून घेतं आणि त्या ऊर्जेनं आजूबाजूच्या पेशी दुखावतात. यूव्हीए सकाळ-संध्याकाळही बऱ्यापैकी असतो आणि गाडीच्या साध्या काचेतूनही आत येतो. सनस्क्रीनवरचा एसपीएफचा आकडा प्रामुख्यानं यूव्हीबीचा. म्हणून डॉक्सी चालू असताना नुसतं ‘५०’ बघून ट्यूब घेऊ नये, त्यावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा पीएपुढे तीन-चार अधिकची चिन्हं आहेत का ते बघावं. कॅप्सूल रात्री घेऊनही सुटका नाही. औषध अर्धं उतरायलाच सोळा ते बावीस तास लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारीही ते त्वचेत असतंच. बंद केल्यावर पूर्ण जायलाही चार-पाच दिवस धरावेत.

हे सगळं समजल्यावर मी नेटानं प्रयत्न केला, आणि माझा निर्णय झाला तो हातांच्या पाठींमुळे. तोंडाला दोन बोटांच्या लांबीएवढं सनस्क्रीन, वर टोपी, गाडीवर हेल्मेट, एवढं जमतं. पाचटानं कापू नये म्हणून पूर्ण बाही तर आम्ही घालतोच. पण हाताच्या पाठीला लावलेलं सनस्क्रीन अर्ध्या तासात घामानं निघतं, विहिरीवर हात धुतले की संपतं. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, तेही मातीच्या हातांनी. हातमोजे घातले तर नोंदवहीत लिहिता येत नाही, मोबाईलवर प्लॉटची नोंद घेता येत नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी ते काढायचे-घालायचे. आठवड्याभरात मोजे गाडीच्या डिकीत गेले. पुढे तर्जनी आणि मधल्या बोटाची नखं टोकाकडून पांढरी होऊन खालच्या मांसापासून सुटायला लागली, कपड्याला अडकली की कळ यायची. हाही डॉक्सी आणि उन्हाचाच परिणाम. अंगठे वाचले, बहुधा हँडल धरताना ते खाली वळतात म्हणून. नखं वाढून नीट व्हायला काही महिने गेले.

मग डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवून अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्क्याचं जेल दिलं. हे रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं. यालाही ऊन बाधतं, पण वेगळ्या तऱ्हेनं. सुरुवातीला त्वचेचा वरचा थर पातळ आणि कोरडा होतो, त्यामुळे तिथे ऊन लवकर झोंबतं. माझ्या दृष्टीनं मोठा फरक हा, की जेल जिथे लावलं तिथलंच जपायचं. हात, मान, नखं यांची चिंता संपली.

त्रास यातही आहे, आणि पहिला महिना मला कॅप्सूलपेक्षा जड गेला हे कबूल करतो. नाकाच्या आणि ओठांच्या कडा सोलवटल्या, तिसऱ्या आठवड्यात मुरूम उलट वाढले, घाम डोळ्यांकडे उतरला की गालांची आग व्हायची. ही आग उन्हाची की जेलची हे ओळखायला सोपं आहे: घरात बसूनही नाकाच्या कोपऱ्यात सोलपटं निघत असतील तर ती जेलची. मी एक रात्र आड लावायला लागलो तेव्हा ती शमली. तोंड धुऊन पंधरा-वीस मिनिटं पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, वाटाण्याएवढं जेल सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसरायचं (फक्त मुरुमावर टिपका देऊन उपयोग होत नाही), वर साधं मॉइश्चरायझर. जेल रात्री लावलं म्हणून सकाळचं सनस्क्रीन सुटत नाही. फरक दिसायला मला जवळपास तीन महिने लागले. कॅप्सूलनं दीड महिन्यातच सूज उतरवली होती.

म्हणून कॅप्सूल वाईट असं मी म्हणणार नाही. पाठीवर, छातीवर खोल, दुखरे मुरूम असतील तर नुसत्या जेलनं भागणं अवघड असतं, आणि कामही बंद खोलीतलं असेल तर डॉक्सी सोयीची. ती ग्लासभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, अन्ननलिकेला जखम होते. पण अँटिबायोटिक साधारण तीन-चार महिन्यांपलीकडे चालवत नाहीत, आणि ते थांबल्यावर मुरूम परतू नयेत म्हणून बहुतेकांना जेलवरच यावं लागतं. मग ज्याचा दिवस उन्हात जातो आणि ज्याचे मुरूम चेहऱ्यापुरते आहेत, त्यानं आधी जेलबद्दल विचारावं, असं मला तरी वाटतं.

डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारता सांगाव्यात. एक, चालू असलेली बाकीची औषधं. रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर तीही उन्हाची बाधा वाढवते, आणि आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्सी देत नाहीत, कारण दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढण्याचा धोका असतो. दुसरी, घरातल्या बाईसाठी औषध असेल आणि दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर तेही आधी सांगावं. कॅप्सूल आणि जेल दोन्ही तेव्हा टाळतात.

सध्या माझं जेल आठवड्यातून तीन-चार रात्री चालू आहे. मार्चमधल्या मोजणीला हात उघडेच असतात, नुसते रापतात.