मार्चच्या शेवटच्या चार दिवसांत फाडलेली बिलं

नागपूरच्या इतवारीत किराण्याचा घाऊक धंदा करणाऱ्या दोन भावांनी एका मसाला कंपनीतला वीस टक्के हिस्सा तिच्या संचालकाकडून ५८ लाखांना विकत घेतला. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. कारखाना हिंगणा एमआयडीसीत, मिरचीचा साठा कळमन्याकडच्या शीतगृहात. सौदा करण्याआधी भावांनी ऑडिट झालेला ताळेबंद मागून घेतला, टॅलीशी जुळवला, जीएसटीचे रिटर्न शेजारी ठेवून तपासले. सगळं रुपयाला रुपया जुळलं. धाकट्याने स्टॉकबद्दल जरा खोदून विचारलं, तर उत्तर आलं, "काऊन घाबरता भाऊ, सीएची सही आहे नं त्याच्यावर!"

करपूर्व नफा ५८ लाख दाखवला होता. त्याच्या पाचपट म्हणजे २ कोटी ९० लाख ही कंपनीची किंमत धरली आणि तिचे वीस टक्के मोजून दिले. काही महिन्यांनी पैशाची ओढाताण सुरू झाली तेव्हा दुसऱ्या लेखापालाकडून वह्या तपासून घेतल्या. त्या वह्यांत एकही बिल बनावट नव्हतं. इथेच बहुतेक लोक फसतात, म्हणून हे प्रकरण तपशिलात लिहितो आहोत. बनावट बिल शोधायला सगळे शिकलेत. खऱ्या बिलांतून उभं केलेलं खोटं चित्र कसं ओळखायचं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

कंपनी कायदा, २०१३ मधलं कलम १२९ सांगतं की आर्थिक पत्रकांनी कंपनीच्या स्थितीचं 'ट्रू अँड फेअर', म्हणजे सत्य आणि वाजवी, चित्र दाखवलं पाहिजे. आपल्याकडे १९१३ च्या जुन्या कायद्यात 'ट्रू अँड करेक्ट' असे शब्द होते. १९५६ च्या कायद्यात 'करेक्ट' जाऊन 'फेअर' आला. हा बदल नुसता शब्दाचा नाही. बेरीज बरोबर येणं, वह्यांशी आकडा जुळणं, हे 'करेक्ट' झालं. वाचणाऱ्याला कंपनी जशी आहे तशी दिसणं, हे 'फेअर'. मात्र 'फेअर' कशाला म्हणायचं याची व्याख्या कायद्यात कुठेही दिलेली नाही. विक्री कधी धरायची, साठ्याला किंमत कोणती लावायची, वहीत ज्याची नोंदच होत नाही ते कुठे सांगायचं, याचे नियम अकाउंटिंग स्टँडर्ड्समध्ये, म्हणजे लेखा मानकांत आहेत, आणि ती पाळणं त्याच कलमाने बंधनकारक केलं आहे. अशा छोट्या, शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांना एएस या नावाने ओळखली जाणारी मानकं लागू होतात. या कंपनीने ती तीन ठिकाणी मोडली होती.

पहिलं ठिकाण विक्रीचं. वर्षाची विक्री ७ कोटी २० लाख, म्हणजे महिन्याला सरासरी ६० लाख. एकट्या मार्चची विक्री मात्र दीड कोटीच्या वर. त्यातली ९६ लाखांची बिलं २८ ते ३१ मार्च या चार दिवसांत रायपूरच्या एकाच व्यापाऱ्याच्या नावे फाडलेली. त्यावरचा जीएसटी भरलेला, रिटर्नमध्ये दाखवलेला. माल मात्र गोदामातून हललाच नव्हता. पोती तिथेच, थप्पी तीच. एप्रिल-मेमध्ये त्यातल्या जवळपास सगळ्या बिलांवर क्रेडिट नोटा निघाल्या आणि विक्री गुपचूप मागे फिरली. त्या बिलांत दाखवलेल्या तिखटाचा खर्च होता ७८ लाख, म्हणजे १८ लाखांचा नफा फक्त कागदावरचा.

एएस-९ प्रमाणे नुसतं बिल फाडल्याने विक्री होत नाही. मालाच्या मालकीबरोबर येणारी जोखीम आणि लाभ खरेदीदाराकडे गेले की विक्री झाली. माल विक्रेत्याकडे राहिला तरी विक्री धरता येते, पण त्यासाठी खरेदीदारानेच 'सध्या ठेवा' अशी विनंती केलेली हवी, मालकी आणि बिल त्याने स्वीकारलेलं हवं, आणि माल त्याच्या नावाने वेगळा काढून पाठवायला तयार हवा. संचालकांनी याच सवलतीचा आधार घेतला. पण विनंतीचं पत्र नव्हतं, माल वेगळा काढलेला नव्हता, आणि व्यापाऱ्याचा मोबाइलवरचा निरोप होता की माल खपला तरच पैसे. खपला नाही तर परत द्यायची अशी मोकळीक असेल तर ती विक्री नव्हे, दुसऱ्याच्या दुकानात विकायला ठेवलेला माल.

आणखी एक गोष्ट. ताळेबंदावर संचालक आणि ऑडिटर यांच्या सह्या झाल्या सप्टेंबरमध्ये. तोवर क्रेडिट नोटा निघून चार महिने झाले होते. एएस-४ म्हणतं की ३१ मार्चनंतर पण संचालक मंडळाने पत्रकं मंजूर करण्याआधी असं काही घडलं, ज्यातून ३१ मार्चलाच असलेली परिस्थिती उघड होते, तर आकडे दुरुस्त करायचे. त्यामुळे "तेव्हा माहीत नव्हतं" ही सबब इथे टिकत नाही.

हे पकडायचं कसं? येण्यांचं वयोमान, म्हणजे येणं किती जुनं आहे ते, दाखवणारा तक्ता कंपनी कायद्याच्या अनुसूची तीनप्रमाणे आता सक्तीचा आहे, पण तो इथे कामाचा नाही. तीन दिवसांचं बिल 'सहा महिन्यांपेक्षा कमी' या सर्वांत चांगल्या रकान्यातच बसतं. मार्चच्या मोठ्या बिलांसमोर ई-वे बिल नंबर मागा. नागपूरहून रायपूरला जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला तो लागतोच, आणि जो माल निघालाच नाही त्याचा नंबर कुठून येणार? मग एप्रिल ते जूनचे जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे रिटर्न, घेऊन क्रेडिट नोटा मोजा. बँकेला दिलेलं मार्चअखेरचं स्टॉक स्टेटमेंटही मागा. या प्रकरणात तेच बोललं. ताळेबंदात विकलेलं ७८ लाखांचं तिखट बँकेच्या कागदात अजून साठा म्हणून उभं होतं, कारण तिथे कर्जाची मर्यादा टिकवायची होती. बँकेला दिलेली तिमाही विवरणं वह्यांशी जुळतात की नाही हे ताळेबंदाच्या टिपांत लिहावं लागतं. तिथे 'जुळतात' असं लिहिलं होतं.

दुसरं ठिकाण साठ्याचं. शीतगृहात ३० टन जुनी मिरची पडून होती. २०५ रुपये किलोने घेतलेली, तिच्यावर शीतगृहाचं भाडं आणि हमाली मिळून १० रुपये चढवलेले. २१५ रुपये दराने साठा धरला ६४ लाख ५० हजारांचा. कळमन्यात तसल्या मालाचा भाव मार्चअखेर १३० रुपये होता. एएस-२ चा नियम असा की साठा खरेदीखर्च किंवा विकून निव्वळ हाती येणारी रक्कम, यांतली जी कमी तिने धरायचा. भाव चढायची वाट पाहत माल ठेवला तर त्याचं भाडं साठ्याच्या किमतीत घालता येत नाही, ते त्याच वर्षाच्या खर्चात जातं.

इथे एक बारकावा प्रामाणिकपणे सांगायला हवा, कारण संचालकांनी तोच पुढे केला. मिरची हा कच्चा माल आहे. तिच्यापासून होणारं तिखट खर्चाइतक्या किंवा जास्त भावाला विकलं जाणार असेल, तर मिरचीचा बाजारभाव पडला म्हणून साठ्याची किंमत उतरवावी लागत नाही. मानकात तसं स्पष्ट आहे. मग तिखटाचाच हिशेब करून पाहू. देठ काढणं आणि दळणं यांत दहा टक्के घट धरली तर किलोभर तिखटाला २०५ रुपयांची मिरची पडते सुमारे २२८ रुपयांना. दळाई आणि पॅकिंगचे २५ मिळवून २५३. रंग उतरलेल्या मिरचीच्या तिखटाला घाऊक भाव मिळत होता १७०. म्हणजे सवलत लागू नाही, साठा उतरवायलाच हवा होता. अशा वेळी आज तसाच माल घ्यायला जो भाव पडेल तो सहसा उत्तम अंदाज ठरतो. १३० रुपयांनी साठा होतो ३९ लाखांचा. फरक २५ लाख ५० हजार.

ताळेबंदात साठ्यापुढे एक ओळ होती: 'व्यवस्थापनाने मोजलेला, मूल्य ठरवलेला व प्रमाणित केलेला.' ही ओळ दिसली की थांबा. साठा मोठा असेल तर ऑडिटरने मोजणीला हजर राहणं अपेक्षित आहे, आणि व्यवस्थापनाचं लेखी निवेदन दुसऱ्या पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. शीतगृहाच्या पावत्या मागा. पावतीवर माल ठेवल्याची तारीख असते, त्यावरून मिरची कोणत्या हंगामाची ते कळतं. त्या तारखेशेजारी बाजार समितीचा मार्चअखेरचा भाव लावून पाहायला पाच मिनिटं लागतात.

तिसरं ठिकाण वहीत नसलेलं. संचालकाच्या पत्नीच्या फर्मने घेतलेल्या दीड कोटीच्या बँक कर्जाला कंपनीने हमी दिली होती, यंत्रसामग्रीही तारण ठेवली होती. हमीची जमाखर्चात नोंद होत नाही, म्हणून टॅली कितीही जुळवली तरी ती दिसणार नाही. एएस-२९ प्रमाणे संभाव्य देणं म्हणून आणि एएस-१८ प्रमाणे संबंधित व्यक्तीशी झालेला व्यवहार म्हणून ती टिपांत यायला हवी होती. दोन्ही ठिकाणी 'काही नाही' असं छापलं होतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या मालमत्तेवरचे बोजे पाहता येतात. तिथे यंत्रसामग्रीवरचा बोजा दिसतच होता, आणि त्याच्या कागदांत कर्जदार म्हणून भलतीच फर्म होती.

आता नफा पुन्हा मांडू. ५८ लाखांतून विक्रीचे १८ आणि मिरचीचे साडेपंचवीस गेले, उरले साडेचौदा लाख. तीच पाचपट लावली तर कंपनी ७२ लाख ५० हजारांची आणि वीस टक्के साडेचौदा लाखांचे. हमीचा धोका यात धरलेलाच नाही. भावांनी मोजले होते ५८ लाख.

मानकं पाळली की चित्र एकच निघतं असं नाही. साठा आधी आला आधी गेला या पद्धतीने धरा किंवा भारित सरासरीने, दोन्ही चालतात आणि आकडे वेगळे येतात. बुडीत येण्यांचा अंदाज दोन प्रामाणिक माणसं दोन प्रकारे करतील. म्हणून एएस-१ पद्धत उघड करायला सांगतं, आणि मानकापासून फारकत घेतली असेल तर कलम १२९ नुसार ती, तिचं कारण आणि तिचा आकड्यांवरचा परिणाम लिहावा लागतो. त्यामुळे टिपा आधी वाचा, आकडे नंतर. हाती दिलेली प्रत आणि मंत्रालयाकडे एओसी-४ या फॉर्मसोबत दाखल झालेली प्रत ओळीला ओळ लावून पाहा. ऑडिट अहवालावरचा यूडीआयएन, म्हणजे सीएच्या सहीसोबतचा अठरा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, udin.icai.org वर तपासा. तो खरा निघाला तर सही त्या सीएची आहे एवढंच सिद्ध होतं, स्टॉक तपासला हे नाही.

भावांनी ऑडिटरविरुद्ध सीए संस्थेच्या शिस्तपालन संचालनालयाकडे फॉर्म-१ मध्ये तक्रार केली आहे आणि पोलिसांकडेही अर्ज दिला आहे. पैसे परत मिळण्याचा जवळचा रस्ता शेअर खरेदीच्या करारातून गेला असता. 'पत्रकं लेखा मानकांनुसार आहेत, यांत न दाखवलेली हमी वा देणी नाहीत, तसं निघाल्यास विकणारा स्वतः भरपाई देईल' एवढं एक कलम त्यात हवं होतं. त्यांचा करार दोन पानांचा होता आणि त्यात ताळेबंदाचा उल्लेखसुद्धा नव्हता.