त्रिमूर्तीनगर ते धरमपेठ: मुलाला स्कूटरवर शाळेत नेताना कोणता रस्ता घ्यावा?

नागपुरात घर त्रिमूर्तीनगर किंवा भामटीच्या बाजूला आणि मुलाची शाळा धरमपेठ-शंकरनगर भागात, असे बरेच पालक आहेत. अंतर साधारण पाच-सहा किलोमीटर. सकाळची शाळा असली की सात-सव्वासातला रस्त्यावर असावं लागतं आणि मागे हेल्मेट घातलेलं, अर्धवट झोपेतलं मूल असतं. कुठून जावं असं कुणालाही विचारलं की उत्तर ठरलेलं: "आतून काढा ना गाडी, तिकडं ट्रॅफिक कमी राहते." या सल्ल्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच आहे. आतल्या रस्त्यावर गाड्या कमी असतात हे खरं. पण तो आतला रस्ता कुठेतरी मोठ्या रस्त्यावर उघडतो, आणि तिथलं वळण कसं आहे यावर त्या वाटेची सुरक्षितता ठरते. म्हणून मी रस्ते गर्दीवरून तोलत नाही. डावीकडच्या वाहतुकीत उजवं वळण घेताना समोरून येणाऱ्या गाड्यांना आडवं जावं लागतं, त्यामुळे उजवी वळणं कुठे आणि कशी आहेत, हे मी आधी पाहते.

या भागातून जायला ढोबळमानाने तीन वाटा आहेत. रिंगरोड तिन्ही वाटांना ओलांडावा लागतो. तो सिग्नलच्या चौकातच ओलांडायचा, मधल्या कटमधून नाही. पुढे मात्र तिन्ही वाटांचं गणित वेगळं होतं.

पहिली वाट: मोठ्या रस्त्याने, माटे चौकातून

रिंगरोड ओलांडून माटे चौक, तिथे उजवीकडे वळून साउथ अंबाझरी रोड, व्हीएनआयटीवरून बजाजनगरकडे, मग डावीकडे शंकरनगरच्या दिशेला आणि शेवटी नॉर्थ अंबाझरी रोड ओलांडून धरमपेठेत. रस्ता रुंद, सिमेंटचा, सरळ. वेळ सर्वात कमी लागतो आणि वळणं मोजकीच आहेत. माटे चौकातलं उजवं वळण एवढाच काय तो कळीचा मुद्दा.

हे वळण सिग्नल सुरू असताना एक गोष्ट असते आणि सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत असताना दुसरीच. सकाळी लवकर अनेक चौकांत सिग्नल लुकलुकत्या पिवळ्यावर असतो. म्हणजे ज्या वेळी आपण मुलाला घेऊन निघतो, नेमक्या त्याच वेळी तो चौक बिनसिग्नलचा असू शकतो. त्या वेळी समोरच्या रिकाम्या रस्त्यावरून येणारी गाडी वेगात असते, कारण रस्ता रिकामा असतो. त्यामुळे संध्याकाळी सहाला तो चौक कसा दिसतो यावरून सकाळचा निर्णय घेऊ नका. मुलाला न घेता, शाळेच्या दिवशी, शाळेच्याच वेळी एकदा जाऊन पाहा. सिग्नल सुरू असेल, तरी हिरवा एका वेळी एकाच बाजूला मिळतो का, हेही बघा. तसा मिळत असेल तर उजवं वळण निर्धास्त घेता येतं. समोरच्या बाजूलाही त्याच वेळी हिरवा मिळत असेल, तर हिरव्यातसुद्धा समोरच्या गाड्या कापूनच वळावं लागतं.

या वाटेचा आणखी एक दोष म्हणजे ऊन. माटे चौकानंतर आपण पूर्वेकडे तोंड करून चालवतो. हिवाळ्यात नागपुरात सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो, त्यामुळे सात-सव्वासातला तो अगदी खाली असतो आणि थेट डोळ्यांत येतो. समोरचा थांबला आहे की येतो आहे, हे क्षणभर कळत नाही. हेल्मेटची काच ओरखडलेली असेल तर आणखीच कमी दिसतं. त्या महिन्यांत ती काच बदलून घ्यावी.

दुसरी वाट: गोपालनगर-प्रतापनगरच्या गल्ल्यांतून

लोक "आतून" म्हणतात ती ही. वस्तीतले रस्ते, झाडांची सावली, गाड्या तुरळक, वेग कमी. मुलालाही बरं वाटतं. पण इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिली म्हणजे आंधळे कोपरे. वस्तीत कोपऱ्यावरच्या घराचं कुंपण थेट रस्त्यापर्यंत आलेलं असतं आणि पलीकडे चारचाकी उभी असते. अचानक काही आडवं आलं तर ब्रेकवर बोट जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी 40 च्या वेगाने तेवढ्यात गाडी सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. 25 च्या वेगाने ते अंतर दहा मीटरच्या आसपास येतं. गल्लीत 25 च्या वर जायचं नसेल, तरच ही वाट घ्यावी.

दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. या गल्ल्या साउथ अंबाझरी रोडवर दक्षिणेकडून निघतात आणि आपल्याला जायचं असतं पूर्वेला. म्हणजे गल्लीच्या तोंडाशी उजवं वळण, तेही सिग्नल नसलेल्या कटमधून. मूल मागे बसवून उभ्या स्कूटरवरून निघायचं आणि एक बाजू पार करायची, याला चार-पाच सेकंद लागतात. ताशी 50 ने येणारी कार एका सेकंदाला चौदा मीटर येते, म्हणजे पाच सेकंदांत सत्तर मीटर. विजेच्या दोन खांबांमधलं अंतर साधारण तीस मीटर धरलं, तर आपल्या उजव्या हाताला किमान तीन खांब रस्ता मोकळा दिसायला हवा, तेव्हाच निघायचं. गल्लीच्या तोंडाशी टपरी किंवा उभ्या गाड्यांमुळे तीन खांबांपर्यंत दिसतच नसेल, तर ती गल्ली बाहेर पडण्यासाठी बाद. मग आत कितीही शांतता असो.

इथे आणखी एक मोह होतो. कट लांब असला की लोक पन्नास-शंभर मीटर राँग साइडने जातात. मूल मागे असताना हे कधीही करू नये. गल्लीतून डावीकडे वळणारा माणूस फक्त उजवीकडून येणाऱ्या गाड्या बघतो. चुकीच्या बाजूने येणारी स्कूटर त्याच्या नजरेतच नसते.

तिसरी वाट: आतून, पण चौकात निघणारी

साउथ अंबाझरी रोडला मध्येच न भेटता त्याच्या दक्षिणेकडूनच पूर्वेला सरकत राहायचं, लक्ष्मीनगरच्या अलीकडच्या वस्तीतून, आणि बजाजनगरच्या चौकात मोठा रस्ता एकदाच, सरळ ओलांडायचा. उजवी वळणं या वाटेवरही आहेत, पण ती वस्तीच्या आत, जिथे समोरची गाडीही हळू असते. मोठ्या रस्त्यावर उजवं वळण एकही नाही. सरळ ओलांडताना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात, पण वळण नसल्याने स्कूटर तिरपी होत नाही, मागचं मूल एका बाजूला झुकत नाही आणि मागून येणाऱ्यालाही आपण कुठे चाललो ते स्पष्ट कळतं.

पहिल्या वाटेपेक्षा पाच-सात मिनिटं जास्त धरा. आठ रस्ता चौक या वाटेत येऊ देऊ नका. आठ तोंडांतून कोण कुठे वळणार, याचा अंदाज सकाळच्या घाईत बांधणं कठीण असतं. थोडं आधीच वळलं की तो टाळता येतो.

सकाळसाठी मी हीच वाट निवडेन. माटे चौकात तुमच्या वेळेला सिग्नल सुरू असेल आणि एका वेळी एकच बाजू सुटत असेल, तर पहिली वाटही तेवढीच चांगली, आणि थंडीतल्या धुक्यात तर जास्त चांगली, कारण रुंद रस्त्यावर आपण इतरांना लवकर दिसतो. दुसरी वाट सकाळी नको.

परतताना उत्तर बदलतं

येताना आपण साउथ अंबाझरी रोडवर पश्चिमेकडे चाललेलो असतो आणि गोपालनगर-प्रतापनगरच्या गल्ल्या डाव्या हाताला येतात. सकाळचं धोक्याचं उजवं वळण आता साधं डावं वळण होतं, कुणालाही आडवं न जाता. त्यामुळे सकाळी जी वाट मी बाद केली, तीच परतीला सर्वात चांगली. जायचा आणि यायचा रस्ता एकच असावा, असा काही नियम नाही.

मार्च-एप्रिलमध्ये याला जास्त महत्त्व येतं. उन्हात लोकांना थांबावं लागू नये म्हणून नागपुरात भर दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात. सोय म्हणून ते योग्यच आहे. पण सिग्नलवर विसंबून निवडलेला रस्ता त्या वेळी तसा राहत नाही. शिवाय दुपारी मुलं मागे बसल्या बसल्या पेंगतात. चार वर्षांखालच्या मुलाला गाडी चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, हेल्मेट आणि जास्तीत जास्त ताशी 40 चा वेग हे 2023 च्या फेब्रुवारीपासून नियमानेच सक्तीचं आहे. चार वर्षांवरच्या मुलाला नियमाने हेल्मेट पुरतं, पण दुपारच्या परतीसाठी पहिली-दुसरीच्या मुलालाही तो पट्टा लावावा असं माझं ठाम मत आहे. दप्तर मुलाच्या पाठीवर ठेवू नका, ते त्याला मागे ओढतं. समोरच्या हुकला अडकवा.

पावसात

त्रिमूर्तीनगरहून धरमपेठेला जाताना नाग नदी कुठे ना कुठे ओलांडावीच लागते. 2023 च्या सप्टेंबरमध्ये अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांत किती वेगाने पाणी शिरलं, ते या भागातल्या लोकांनी पाहिलं आहे. जोराचा पाऊस असेल तर आतले छोटे पूल सोडून मोठ्या रस्त्यानेच जा. पाणी साचलं की सिमेंट रस्त्याची कडही दिसत नाही. रस्ता आणि बाजूचे गट्टू यांच्या उंचीत फरक असतो, आणि त्या कडेला चाक तिरपं लागलं की स्कूटर घसरते. कडेवरून उतरायचंच असेल तर वेग जवळजवळ शून्यावर आणून, चाक कडेला शक्य तितकं काटकोनात घालून उतरा.

शेवटचे दोनशे मीटर

नॉर्थ अंबाझरी रोड चौकातच ओलांडा. मेट्रोच्या खांबांमुळे मधल्या कटमध्ये समोरून येणारी दुचाकी खांबाआड पूर्ण लपते, आणि तिच्या चालकालाही आपण दिसत नाही.

मग शाळेचं फाटक. ते उजव्या हाताला येत असेल, तर समोर थांबून मुलाला रस्ता ओलांडायला लावू नका. पुढच्या गल्लीतून वळसा घेऊन फाटक डाव्या हाताला येईल असे या. व्हॅन आणि ऑटो फाटकासमोर दुहेरी रांगेत उभे असतात, त्यामुळे फाटकाच्या वीस-तीस पावलं अलीकडेच डावीकडे थांबा, मुलाला डाव्या बाजूने उतरवा आणि पायी आत सोडा. हेल्मेट फाटकाजवळ पोहोचल्यावर काढा, रस्त्याच्या कडेला नाही.